एसीतलं नाक

मे महिन्यात कुठल्याही सोसायटीच्या मागच्या बाजूने चाललं की एसीच्या पाइपांतून टपटप पडणारं पाणी डोक्यावर येतं. कुणी त्याखाली बादली लावतं, कुणी कुंडी सरकवून ठेवतं. हे पाणी खोलीतल्या हवेतलं असतं. एसीच्या आतली कॉइल इतकी गार असते की तिच्यावरून जाणाऱ्या हवेतली वाफ तिथेच पाणी होऊन पाइपावाटे बाहेर पडते. हवा गार होते आणि कोरडीही होते. त्या खोलीत रात्रभर कुणी झोपलेलं असेल, तर त्या बादलीत थोडं त्याच्या नाकातून गेलेलं पाणीसुद्धा असतं. हे सांगितलं की लोक नाक मुरडतात, पण आहे ते असं आहे.

मी ठाण्यात कान-नाक-घसा बघते. शिकत होते तेव्हा घोळणा फुटला म्हणून येणारी बहुतेक उन्हातान्हात खेळणारी शाळकरी पोरं असायची. ती अजूनही येतात. पण आता त्यांच्यासोबत दिवसभर किंवा रात्रभर एसीत बसणारी धडधाकट माणसं येतात. बँकेतली, कॉल सेंटरमधली, दागिन्यांच्या दुकानातली. तक्रार ठरलेली असते. सकाळी तोंड धुताना नाक शिंकरलं आणि बेसिनमध्ये रक्ताचे थेंब दिसले. रक्त चमचाभरही नसतं, पण पांढऱ्याशुभ्र बेसिनमध्ये ते फार दिसतं, आणि माणूस तडक बीपी मोजायला धावतो.

नाकाचं काम नुसतं वास घेण्याचं असतं तर एसीने त्याचं फारसं बिघडलं नसतं. त्याचं मोठं काम आहे हवा ओली करण्याचं. फुप्फुसांपर्यंत हवा पोचते तेव्हा ती अंगाइतकी कोमट आणि पुरती ओली झालेली असावी लागते. अशा एका घनमीटर हवेत 44 ग्रॅम पाणी असतं. आपल्याकडच्या मे महिन्यातल्या दमट हवेत, समजा 32 अंश तापमान आणि 70 टक्के आर्द्रता, आधीच 23-24 ग्रॅम पाणी असतं, म्हणजे नाकाने वर वीसेक ग्रॅम घातलं की झालं. तीच हवा एसीने 24 अंशांवर आणि 50 टक्के आर्द्रतेवर आणली की तिच्यात जेमतेम 11 ग्रॅम उरतं. उरलेले 33 नाकाने आणि घशाने घालायचे. शांत बसलेला माणूस आठ तासांत साधारण तीन घनमीटर हवा आत घेतो. बाहेर बसला असता तर त्या हवेला 60 ग्रॅम पाणी द्यावं लागलं असतं, एसीत ते 100 ग्रॅम होतं.

निरोगी नाक एवढं सहज पुरवतं, आणि दिलेलं थोडं परतही घेतं. श्वास आत घेताना नाकाची त्वचा गार झालेली असते. त्याच वाटेने उच्छ्वास बाहेर पडला की त्यातली काही वाफ त्या गार त्वचेवर पुन्हा पाणी होऊन बसते. पण ही परतफेड श्वास नाकावाटे सोडला तरच मिळते. जो माणूस नाकाने हवा घेतो आणि तोंडाने सोडतो, त्याचं नाक देतच राहतं. आणि बोलताना श्वास बहुतेक तोंडानेच सुटतो.

हे मला एका मुलीच्या बाबतीत नीट दिसलं. पंचविशीची, कॉल सेंटरला रात्रपाळी करणारी. आईला घेऊन आली होती, किंवा आई तिला घेऊन आली होती. बोलायला सुरुवात आईनेच केली. "मॅडम, हिच्या अंगात उष्णता फार आहे हो. सब्जा झाला, गुलकंद झाला, डोक्यावर गार पाणी ओतून झालं, कांदा हुंगवला. दोन दिवस बरं असतं, की पुन्हा आपलं येतंच." मुलगी गप्प होती. बोलण्याचं काम करणारी माणसं रजेच्या दिवशी गप्प असतात, हे मी बऱ्याचदा बघितलं आहे. पण आई बोलत असताना तिचा उजवा हात दोनदा नाकाशी जाऊन आला. तिला स्वतःला ते कळलंही नव्हतं.

कपाळावर दिवा लावून, नाकपुडी चिमट्याने हळूच रुंद करून आत बघितलं. नाकाच्या दोन पुड्यांमधली भिंत पुढच्या भागात किंचित उजवीकडे झुकलेली होती. अशी थोडीफार वाकडी भिंत बहुतेकांची असते. तिच्या फुगीर बाजूवर, नाकपुडीच्या कडेपासून बोटाचं एक पेरही आत नसेल अशा ठिकाणी, तपकिरी काळसर खपली बसली होती. खपलीच्या कडेला एक बारीक लाल रेघ. बाकी नाक ठीक होतं. डाव्या पुडीत थोडा कोरडेपणा, एवढंच.

ही जागा आम्हा लोकांच्या फार ओळखीची आहे. चार-पाच रक्तवाहिन्यांच्या बारीक फांद्या इथे एकमेकींत गुंततात आणि त्यांच्यावरची त्वचा अगदी पातळ असते. तिला लिटलचा भाग म्हणतात. 1879 साली अमेरिकेतल्या जेम्स लिटल नावाच्या सर्जनने या जागेतून होणाऱ्या रक्तस्रावाबद्दल लिहिलं आणि पाचेक वर्षांनी जर्मनीतल्या कीसेलबाख यांनी, म्हणून दुसरं नाव त्यांचं. नाकातून येणाऱ्या दर दहा रक्तस्रावांतले नऊ नाकाच्या पुढच्या भागातले, आणि त्यांतले बहुतेक इथलेच. नाकपुडीतून आत शिरणारा वाऱ्याचा झोत पहिल्यांदा आदळतो तोही इथेच. भिंत ज्या बाजूला झुकलेली, तिथे वाट अरुंद, झोत जोरकस, आणि जागा लवकर सुकणार.

नाकाच्या आतल्या भागात शेंबडाचा पातळ थर सतत घशाकडे सरकत असतो. सूक्ष्म केस तो ढकलत असतात, मिनिटाला पाचेक मिलिमीटर या वेगाने. त्यामुळे आतली धूळ आणि चिकटा आपोआप साफ होतो. पण अगदी पुढच्या भागात हे ढकलणारे केस नसतात. तिथला चिकटा जागच्या जागी सुकतो आणि त्याची खपली होते. पहिली खपली ही एवढीच असते, नुसता वाळलेला शेंबूड. तिच्यात रक्त नसतं. ती टोचते, नाक बंद वाटतं, बोट जातं. नखाने निघताना ती खालच्या पातळ त्वचेचा पापुद्रा घेऊन निघते. मग दुसरी खपली येते ती रक्ताची, पहिलीपेक्षा जाड, आणि जास्त टोचणारी. तिलाही बोट लागतं. आता खाली उघडी जखम असते आणि सकाळी नाक शिंकरल्यावर ती थेंब टाकते. एसी जागा सुकवतो, पण रक्त बहुतेकदा बोट काढतं. मुलीला मी एवढंच म्हटलं, की पहिली खपली एसीची, नंतरच्या सगळ्या आपल्या. आई लगेच म्हणाली, "बघ, मी सांगत होते ना." आयांना डॉक्टरच्या तोंडून आपलं वाक्य ऐकायला फार आवडतं.

तिच्या पर्समध्ये नाकात घालायच्या थेंबांची एक छोटी बाटली निघाली. दुकानात जाऊन "नाक कोरडं पडतंय, बंद वाटतंय" असं तिने सांगितलं होतं, आणि त्यातलं "बंद" तेवढं समोरच्याच्या कानावर पडलं असावं. बाटलीवर बारीक अक्षरांत झायलोमेटाझोलिन लिहिलेलं होतं. हे सर्दीत चोंदलेलं नाक मोकळं करणारं औषध. ते नाकातल्या रक्तवाहिन्या आवळतं, म्हणून नाक पाच मिनिटांत मोकळं होतं. खपलीमुळे बंद वाटणाऱ्या नाकाला ते काही उपयोगाचं नाही. उलट रोज घेतलं तर नाक आणखी कोरडं पडतं, आणि चार-पाच दिवसांपेक्षा जास्त वापरलं की औषध उतरताच नाक आधीपेक्षा जास्त चोंदतं, मग माणूस पुन्हा थेंब घालतो. ऑक्सिमेटाझोलिनचंही तेच. सलाइनची बाटली आणि ही बाटली दुकानाच्या एकाच फळीवर असतात, आकारही सारखा. घेताना मागचं लेबल वाचायचं. कोरडेपणासाठी हवं ते फक्त सोडियम क्लोराइड, म्हणजे मीठ आणि पाणी, 0.65 ते 0.9 टक्के. बाकी काही नको. काही सलाइनमध्ये बेन्झाल्कोनियम क्लोराइड हे टिकवण्याचं रसायन असतं. बहुतेकांना ते चालतं. कुणाला चुरचुरलं तर ते नसलेली बाटली मागून घ्यावी.

तिला लिहून दिलेली काळजी दोनच गोष्टींची होती, दिवसभर सलाइन आणि झोपताना मलम. पण दोन्हींत कसं घालायचं हे महत्त्वाचं.

सलाइनचा फवारा घेताना मान मागे टाकायची नाही, किंचित पुढे झुकवायची. उजव्या पुडीसाठी डावा हात, डाव्या पुडीसाठी उजवा. असं हात उलटे घेतले की नळीचं टोक आपोआप बाहेरच्या बाजूला, त्याच बाजूच्या डोळ्याच्या कोपऱ्याकडे वळतं. नाहीतर फवारा नेमका त्या दुखऱ्या भिंतीवर सरळ बसतो आणि टोकाचं प्लास्टिकही तिथेच घासतं. ॲलर्जीसाठी स्टेरॉइडचा फवारा घेणाऱ्यांना तर हे पक्कं सांगावं लागतं, कारण तो रोज एकाच जागी बसला तर त्यानेही रक्त येतं. प्रत्येक पुडीत एक-दोन फवारे, हलका श्वास, जोरात ओढायचं नाही, लगेच शिंकरायचं नाही. ओघळलं तर रुमालाने टिपायचं. तिला कामावर बसण्याआधी, मग दर दोन-तीन तासांनी ब्रेक मिळेल तेव्हा, आणि घरी आल्यावर असं घ्यायला सांगितलं. नाक सुकल्यासारखं वाटेपर्यंत थांबायचं नाही. तसं वाटतं तेव्हा खपली धरायला लागलेली असते.

सकाळी खपली जाणवली तर ती काढायची नाही, भिजवायची. सलाइनचे तीन-चार फवारे, दहा मिनिटं वाट, पुन्हा फवारे. सुटायची असेल तर ती अलगद शिंकरल्याने सुटते. सुटली नाही तर ती अजून खालच्या जखमेला झाकून बसली आहे असं समजावं आणि नाद सोडावा. आंघोळीच्या वेळी बाथरूममध्ये वाफ असते, तेव्हा हे सोपं जातं.

झोपताना सलाइनचं जेल. ते नसेल तर साधी पेट्रोलियम जेली. मुगाच्या दाण्याएवढी पुरते. करंगळीचं नख कापलेलं हवं. तिच्या मऊ भागावर घेऊन ती पुडीच्या तोंडाशी आतल्या कडेला लावायची, आत खोल नाही, आणि भिंतीवर चोळायची तर मुळीच नाही. मग बाहेरून दोन्ही पुड्या हलके दाबून सोडायच्या, तीन-चार वेळा. मलम आपलं आपण आत पसरतं. कापूस गुंडाळलेल्या काडीने लोक नाकात खूप वरपर्यंत जातात आणि जिथे पोचायचं नाही नेमके तिथे पोचतात, म्हणून काडी नको.

"घरचं साजूक तूप चालेल का?" आईने विचारलंच. हा प्रश्न मला जवळजवळ रोज येतो आणि त्याला मी उडवून लावत नाही. आपल्याकडे नाकात तूप किंवा तेल सोडण्याची रीत जुनी आहे, आणि स्निग्ध थराने पाणी उडणं कमी होतं ही गोष्ट खरीच आहे. स्वीडनमध्ये 2001 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कोरड्या नाकाला तिळाच्या तेलाने मिठाच्या पाण्यापेक्षा जास्त आराम मिळाल्याचं दिसलं होतं. माझी हरकत तुपाला नाही, आडवं पडून थेंब सोडण्याला आहे. तूप असो, तेल असो की पेट्रोलियम जेली, आत खोल गेलेला स्निग्ध पदार्थ झोपेत घशावाटे फुप्फुसात उतरू शकतो. असं महिनोन्महिने रोज चाललं तर तिथे एक प्रकारचा न्यूमोनिया होतो. तो क्वचित होतो, पण तान्ह्या बाळांना आणि गिळताना ठसका लागणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना त्याचा धोका जास्त. म्हणून त्यांच्या नाकात तेल-तूप नको, पाण्यात बनलेलं जेल किंवा नुसतं सलाइन बरं. बाकीच्यांनी बोटाच्या टोकाला लागेल तेवढं पुडीच्या कडेला लावावं, शक्यतो झोपण्याच्या थोडं आधी. घरी ऑक्सिजनची नळी लावणाऱ्यांनी मात्र पेट्रोलियम जेली, तेल, तूप यांपैकी काहीच लावू नये, कारण ऑक्सिजनजवळ ते पेट घेऊ शकतं.

खोलीचं काय करायचं, हा पुढचा प्रश्न. कोपऱ्यात पाण्याचा वाडगा ठेवण्याचा सल्ला सगळीकडे मिळतो. ठेवा, पण त्याच्यावर विसंबू नका. एसी सुरू असेपर्यंत वाडग्यातून उडालेली वाफही तोच ओढून बाहेर टाकत राहतो, आणि त्याच्या पाइपाखालची बादली बघितली की या शर्यतीत कोण जिंकतं ते कळतं. त्यापेक्षा हवेचा झोत तोंडावर येऊ न देणं जास्त उपयोगी. एसीची पट्टी छताकडे वळवायची, पलंगावर उशाची बाजू बदलायची. तापमान 18 वर नेऊन अंगावर दोन चादरी ओढण्यापेक्षा 26 ठेवून पंखा हळू लावलेला बरा, पंख्याचं तोंडही आपल्याकडे नको. ड्राय मोड हा दमट पावसाळ्यासाठी असतो, कोरड्या दिवसांत तो लावू नये. ऑफिसमध्ये यातलं काहीच आपल्या हातात नसतं. त्या मुलीची खुर्ची छतातल्या झरोक्याच्या बरोबर खाली होती. तिने जागा बदलून मागितली आणि दोन आठवड्यांनी मिळाली. विदर्भात कूलर वापरणाऱ्यांना हा त्रास कमी, कारण कूलर हवेत पाणी घालतो आणि एसी काढतो. तिथल्या माझ्या मैत्रिणी म्हणतात की घरात एसी बसला त्या वर्षी मुलांचे घोळणे फुटायला लागले. वैशाखात तिथली बाहेरची हवाच इतकी कोरडी असते की एसी लावला तरी ती कोरडीच राहते.

मुलीची पुढची हकीकत नेहमीच्या वळणाने गेली. आठवड्याभराने तिचा फोन आला, पुन्हा रक्त आलं. विचारलं तेव्हा कळलं की चौथ्या-पाचव्या दिवशी रक्त थांबलं तसं तिने सगळं बंद केलं होतं. इथेच बहुतेकांची गाडी घसरते. रक्त थांबणं म्हणजे जखम भरणं नव्हे. खपलीखाली नवी त्वचा कडेकडेने सरकत येते, तिला मधली जागा झाकायला आणि मग थोडी जाड व्हायला दोन आठवडे तरी लागतात. तोवर ती जागा ओली राहायला हवी. ओल्या जागेवर त्वचा लवकर सरकते, आणि खपली जाड होत नाही म्हणून बोटही जात नाही. शेवटचं रक्त आलं त्या दिवसापासून दोन आठवडे मोजायचे, असं तिला सांगितलं. मध्ये पुन्हा आलं तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून.

तेव्हाच फोनवर तिला रक्त आलं तर काय करायचं तेही सांगितलं, कारण कांदा हुंगवण्यात जाणारा वेळ तिच्या आईने वाचवायला हवा होता. ताठ बसायचं, मान पुढे. मागे टाकली तर रक्त थांबत नाही, नुसतं घशात उतरतं आणि मग मळमळतं. नाकाचा खालचा मऊ भाग, हाडाच्या खालचा, अंगठा आणि बोटाने घट्ट धरायचा आणि तोंडाने श्वास घ्यायचा. घड्याळ लावून दहा मिनिटं. मध्ये सोडून थांबलं का बघायचं नाही, ही अट लोकांना सर्वांत जड जाते. थांबलं नसेल तर आणखी दहा मिनिटं. एवढं करूनही चालूच असेल, किंवा घशातून सारखं रक्त येत असेल, तर घरी बसायचं नाही, दवाखाना गाठायचा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असलेल्यांनी तर आधीच निघावं, पण गोळी मनाने बंद करू नये.

काही नाकं अशी असतात की त्यांना मलम-सलाइन देत बसणं चूक ठरतं. रक्त सारखं एकाच बाजूने येतंय आणि ती बाजू दिवसेंदिवस बंद होत चालली आहे, विशेषतः वयात येणाऱ्या मुलांमध्ये, तर आतून दुर्बिणीने बघायला हवं. लहान मुलाच्या एकाच पुडीतून घाण वासाचा स्राव येत असेल तर आत चणा, मणी, खडू असं काहीतरी असतं. बटनासारखी बॅटरी असली तर ती काही तासांत भिंतीला भोक पाडते, तेव्हा त्याच दिवशी निघायचं. दोन्ही पुड्यांत हिरवट, दुर्गंधीच्या मोठ्या खपल्या येतात आणि त्यांचा वास घरच्यांना येतो पण खुद्द माणसाला येत नाही, तो आजार निराळा आहे आणि एसीशी त्याचा संबंध नाही. पुडीचं तोंड लाल, सुजलेलं, हात लावला की ठणकणारं असेल तर तिथे जंतू शिरलेत. मग प्रतिजैविक मलम लागतं, आणि ते डॉक्टरने बघूनच द्यावं.

ती मुलगी महिन्याभराने पुन्हा आली, या वेळी एकटीच. खपली नव्हती. तिच्या जागी फिकट गुलाबी, थोडी चमकणारी त्वचा होती. सिल्व्हर नायट्रेटने ती जागा जाळायची तयारी मी मनात ठेवली होती, तिची गरज पडली नाही. भिंत वाकडी आहे ती तशीच राहणार, आणि कामही तेच आहे, म्हणून दिवसातले फवारे कमी करून कामाच्या रात्रीपुरते ठेवले आणि झोपतानाचं जेल एक दिवसाआड. दिवाळीनंतर हवा कोरडी होते, तेव्हा ते पुन्हा रोज.